घरून कामाचा मोबाइल डेटा : कंपनीकडे खर्च मागायचं पत्र तपासून हवंय

सड्यावरची

मंडळी, एक पत्र लिहिलंय. पाठवायच्या आधी चारचौघांच्या नजरेखालून गेलेलं बरं, म्हणून हा धागा.

मी देवरुखपासून आत एका वाडीत राहते. पुण्यातल्या एका संस्थेसाठी शालेय पुस्तकांचं संपादन करते, सगळं घरून. फायबर खालच्या फाट्यापर्यंत आलंय, पण वाडीत यायला अजून काही खांब हवेत आणि ते खांब कोणी टाकायचे यावर दोन पावसाळे गेले. त्यामुळे मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा नि लॅपटॉप चालवायचा. माझा प्लॅन रोज २ जीबीचा, ८४ दिवसांचा, ८५९ रुपये. संध्याकाळी चारच्या सुमारास "तुमचा आजचा डेटा संपला, आता वेग ६४ केबीपीएस" असा मेसेज येतो. नेमकी तेव्हाच मीटिंग असते. मग ३३ रुपयांचं २ जीबीचं टॉप-अप मारायचं. तेही त्याच रात्री बारा वाजता मरतं.

आमचा पत्रव्यवहार मराठीत चालतो (हे भाग्य समजते मी). तर मसुदा असा :

> माननीय मनुष्यबळ अधिकारी यांस,
> महोदया, मी गेल्या दीड वर्षापासून घरून काम करत आहे. माझ्या गावी ब्रॉडबँडची सोय नसल्याने मला मोबाइल डेटावर अवलंबून राहावे लागते. यामुळे मला मोठा आर्थिक भुर्दंड सोसावा लागत आहे. तरी दरमहा रु. १,०००/- इंटरनेट भत्ता मंजूर करावा, ही नम्र विनंती.

फोनवर विचारलं तर बाई म्हणाल्या, "पत्र द्या, पण सोबत वापराचा गोषवारा जोडा." आता हा गोषवारा म्हणजे नक्की काय द्यायचं?

---

चहाबाज

दीड वर्ष गप्प बसून मग एकदम हजार. कोकणी माणूस नाही का, आधी आंबा पिकू देतो.

---

फुकटचा_सल्ला

पत्रबित्र कशाला? कोविडनंतर कायदा आलाय, घरून काम करणाऱ्याला इंटरनेटचा खर्च द्यावाच लागतो. नोटीस पाठवा थेट.

---

बे_एरियातला_काका

@फुकटचा_सल्ला, तुम्ही बहुतेक आमच्या इकडचं वाचलंय. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात कलम २८०२ आहे, कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा. २०१४ साली इथल्या अपील कोर्टाने त्यापुढे जाऊन सांगितलं की कर्मचाऱ्याचा प्लॅन अमर्याद असला, कामामुळे एक पैसाही जास्त गेला नसला, तरी बिलाचा वाजवी हिस्सा द्यावाच लागेल. पण "वाजवी" म्हणजे किती टक्के ते कोर्टाने ठरवून दिलं नाही. आमच्याकडे महिन्याला ठरावीक रक्कम येते, तिच्यावर कोणी भांडत नाही. हे देवरुखला लागू नाही, हे सांगायला नको.

---

पगारपत्रक

बावीस वर्षं पगार आणि खर्चाची बिलं याच टेबलावर गेली, म्हणून लिहितो.

भारतात असा थेट हक्क देणारा कायदा नाही. ३१ डिसेंबर २०२० ला सेवाक्षेत्रासाठी स्थायी आदेशांचा एक मसुदा आला होता. त्यात घरून कामाचा उल्लेख होता, पण तो नेमणुकीच्या अटींवर सोडलेला. तेव्हा ताई, पहिला प्रश्न हा : तुमच्या नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय? पुणे लिहिलं असेल आणि तुम्ही सोयीने गावी राहत असाल तर पत्राचा सूर विनंतीचा राहील. "घर" लिहिलं असेल तर घरातलं इंटरनेट हे ऑफिसचं साधन ठरतं आणि पत्राला पाय फुटतात.

दुसरं, तुमच्या मसुद्यातला एक शब्द तुम्हाला महाग पडेल, तो म्हणजे "भत्ता". दरमहा ठरावीक भत्ता मिळाला की तो पगारात धरतात, त्यावर कर लागू होतो. शिवाय व्यवस्थापनाच्या दृष्टीने भत्ता म्हणजे कायमचा बोजा, तो एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो. तेच पैसे "प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती" म्हणून पावत्यांवर मागितले, तर फोनचा खर्च कंपनीने भरला असं होतं आणि तो तुमचं उत्पन्न धरला जात नाही. सहीसुद्धा खालच्या पातळीवर होते. आमच्याकडे भत्त्याची फाइल संचालकांकडे जायची, प्रतिपूर्तीची माझ्या टेबलावरच संपायची.

तिसरं, "मोठा आर्थिक भुर्दंड" काढा. किती ते आकड्यात लिहा, भुर्दंड ज्याचा तो समजेल.

---

निवांत

बारा लाखांच्या आत उत्पन्न असेल तर नव्या पद्धतीत यंदा तसाही कर नाही. संपादकांना बारा लाखांच्या वर पगार देणारी संस्था असेल तर माझाही अर्ज घ्या.

---

सड्यावरची

@निवांत, 😀 बारा लाखांच्या खूप अलीकडे आहे मी.

@पगारपत्रक दादा, आता शोधून पाहिलं. मार्च २०२४ मध्ये नवीन पत्र दिलं होतं, त्यात "कामाचे ठिकाण : कर्मचाऱ्याचे निवासस्थान" असं स्वच्छ लिहिलंय. दीड वर्ष फाइलमध्ये पडून होतं आणि मी त्याकडे पाहिलंच नव्हतं.

---

गाडीवान

आमच्याकडेही रेंजचा असाच प्रॉब्लेम होता. बाहेर अँटेनावाला राउटर बसवला, आता मस्त चालतं. मॉडेल सांगू का?

---

चहाबाज

गाडीवान, त्यांना रेंज आहे. पैसे नाहीयेत.

---

मधली_वाट

एक सोपा उपाय. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवा. मी गेली तीन वर्षं चेहरा दाखवला नाही, १.५ जीबीत दिवस निघतो. खर्चच होणार नाही, तर मागायचं कशाला?

---

आकडेमोड्या

@मधली_वाट, अर्धं बरोबर. आपला कॅमेरा बंद केला की फक्त चढता डेटा वाचतो. समोरच्या आठ जणांचे चेहरे खाली उतरतच राहतात आणि खरा खर्च त्यांचाच असतो. त्यासाठी येणारा व्हिडिओ बंद करावा लागतो. झूममध्ये `Stop Incoming Video` आहे, टीम्समध्येही तशी सोय आहे. ग्रुप मीटिंगला व्हिडिओसकट तासाला साधारण १ जीबी धरा, कमी-जास्त होतं. नुसता आवाज असेल तर तासाला ३०-३५ एमबी. स्क्रीन शेअर नुसतं पाहायचं असेल तर तेही किरकोळ. म्हणजे तासभराच्या मीटिंगचा फरक तीसपट.

पण मग प्रश्न उरतो : ऑफिसच्या मीटिंगमध्ये ऑफिसच्याच लोकांचे चेहरे बंद करून ऑफिसचा खर्च मी का वाचवायचा?

---

मधली_वाट

कारण चेहरे बघून काही फायदा होत नाही, म्हणून.

---

सड्यावरची

आमच्याकडे कॅमेरा सक्तीचा आहे. नाहीतर मीही केला असता बंद. चुलीवर दूध असतं कधीकधी.

गोषवाऱ्याकडे वळूया का? मी फोनमध्ये डेटा वापर पाहिला. जुलैचा आकडा एकूण ७४ जीबी दिसतोय. त्यात "हॉटस्पॉट आणि टेदरिंग" ५६ जीबी, बाकी १८ जीबी माझा फोन. तर ५६ हा ऑफिसचा आकडा धरू?

---

आकडेमोड्या

थांबा. हॉटस्पॉटच्या नावाने फोन एकच ओळ दाखवतो. त्या ओळीत लॅपटॉपवर काय चाललं, आणि मुळात लॅपटॉपच होता की दुसरं काही, हे फोनला सांगता येत नाही. म्हणून आकडा लॅपटॉपवरून घ्या. विंडोज असेल तर इथे :

`Settings > Network & internet > Advanced network settings > Data usage`

तिथे गेल्या ३० दिवसांचा वापर अ‍ॅपनुसार दिसतो. वर नेटवर्क निवडायची जागा असते, तिथे तुमच्या हॉटस्पॉटचं निवडा. एक मेख आहे : यूएसबी केबलने फोन जोडत असाल तर तो वापर वायफायखाली न दिसता `Ethernet` खाली दिसतो. अनेकजण तिथे फसतात, आकडा अर्धा येतो आणि मग विंडोजलाच शिव्या घालतात.

आणि फोनच्या डेटा सायकलची तारीख १ आहे ना, तेही बघा. काही फोनमध्ये ती रिचार्जच्या किंवा भलत्याच तारखेला असते आणि मग "जुलै" म्हणजे १२ जून ते ११ जुलै निघतो.

---

वरवंटा

विंडोज ३० दिवस दाखवतं, जुलै ३१ दिवसांचा. ऑडिटवाले हेच धरतात.

---

सड्यावरची

@वरवंटा, वाचले. मी ३१ जुलैला संध्याकाळीच स्क्रीनशॉट काढला होता (का काढला ते देवाला ठाऊक, बाईंशी बोलणं त्याच दिवशी झालं होतं म्हणून असेल). म्हणजे २ ते ३१ जुलै. आणि १ तारखेला मी रजेवर होते!

सायकलची तारीख १ च आहे. केबल मी वापरत नाही. विंडोजचे आकडे असे :

मीटिंगचं अ‍ॅप ३१ जीबी
ब्राउझर १० जीबी
फाइली आपोआप वर चढवणारं अ‍ॅप ५ जीबी
सिस्टिम व अपडेट ४ जीबी
एकूण ५० जीबी

फोन म्हणतो हॉटस्पॉट ५६, लॅपटॉप म्हणतो ५०. सहा जीबी गेले कुठे?

---

चहाबाज

सासूबाई.

---

सड्यावरची

...

आत्ता विचारून आले. दुपारी मी जेवायला उठले की त्या त्यांचा मोबाइल माझ्या हॉटस्पॉटला जोडतात. पासवर्ड नातवाने दिलाय. मालिकेचा चुकलेला भाग "तुझं काम नसतं तेव्हाच बघते गो" म्हणाल्या. वर विचारतात, ऑफिस त्याचेही पैसे देईल काय.

---

निवांत

धाग्याचं सार्थक झालं.

---

पगारपत्रक

हसण्यावारी नेऊ नका, हे फार बरं झालं. ५६ चा आकडा गेला असता आणि कोणी लॅपटॉपचा आकडा मागितला असता, तर पुढचं प्रत्येक बिल संशयाने पाहिलं गेलं असतं.

आता हिशोब. तुमच्या खर्चाचे दोन वेगळे तुकडे आहेत आणि ते एकत्र मागायचे नाहीत.

एक, टॉप-अप. हे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, रोजचा कोटा संपला म्हणून घेतलेले. प्रत्येकाला तारीख-वेळ आहे, पावती आहे आणि "डेटा संपला" हा मेसेजही आहे. तो मेसेज उडवू नका, तुमचा तोच खरा साक्षीदार. जुलैत असे किती झाले?

दोन, मूळ प्लॅन. हा तुम्ही नोकरी नसती तरी कुठलातरी घेतलाच असता. इथे पूर्ण रक्कम मागितली की समोरचा लगेच तेच म्हणतो आणि मग टॉप-अपवरही शंका घेतो. म्हणून याचा फक्त हिस्सा मागा.

---

सड्यावरची

जुलैत टॉप-अप २० झालेत. त्यातले ६ शनिवार-रविवारचे किंवा रात्रीचे आहेत, ते माझे. राहिले १४. चौदा गुणिले ३३ म्हणजे ४६२.

मूळ प्लॅनचं मी असं केलं : ८५९ भागिले ८४ म्हणजे दिवसाला १०.२३, गुणिले ३१ म्हणजे ३१७. एकूण ७४ पैकी ५० जीबी ऑफिसचे, म्हणजे ६८ टक्के. ३१७ चे ६८ टक्के २१६. दोन्ही मिळून ६७८. बरोबर?

---

आकडेमोड्या

एक चूक आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे, म्हणून आधीच काढून टाका. त्या ५० जीबीतला काही डेटा टॉप-अपमधूनच आला. त्याचे पैसे तुम्ही ४६२ मध्ये मागितलेत. तोच डेटा परत मूळ प्लॅनच्या हिश्श्यात धरलात तर एकाच जीबीचे दोनदा पैसे होतात.

१४ टॉप-अप म्हणजे २८ जीबी. ते सगळे वापरले गेले नसतील, मध्यरात्री उरलेले गेले. पण किती उरले ते तुमच्याकडे लिहिलेलं नाही, म्हणून आपल्या विरुद्ध बाजूने मोजा : सगळे २८ लॅपटॉपनेच वापरले असं धरा. मग मूळ प्लॅनमधून लॅपटॉपला ५० वजा २८, म्हणजे २२ जीबी. घरचे १८ फोनचे आणि ६ सासूबाईंचे, २४. बेरीज ४६. बावीस भागिले सेहेचाळीस, ४८ टक्के. ३१७ चे ४८ टक्के १५२.

एकूण मागणी ६१४.

---

सड्यावरची

हजारावरून ६१४ वर आले. तुम्ही लोक माझ्या बाजूचे आहात ना नक्की?

---

वरवंटा

घरच्या टॉप-अपचे ६ × २ = १२ जीबीसुद्धा घरच्या वापरातून वजा करायला हवेत मग. त्याच न्यायाने. २४ वजा १२, उरले १२. मग २२ भागिले ३४, ६४.७ टक्के. म्हणजे हिस्सा २०५.

---

आकडेमोड्या

@वरवंटा, तत्त्वतः बरोबर, मी ते विसरलो. पण इथे "सगळे वापरले" हे धरणं ताईंच्या फायद्याचं होतं, आणि तेवढा पुरावा नाही. मी १५२ वरच राहीन.

---

वरवंटा

ऑफिसचे टॉप-अप पूर्ण वापरले धरायचे आणि घरचे नाही? हा कुठला न्याय?

---

पगारपत्रक

५३ रुपयांसाठी भांडू नका. पत्रात १५२ लिहा. कमी मागितलेला आकडा तपासताना कोणी जास्त खोलात जात नाही, एवढं या टेबलावरून सांगतो.

हां, एक तपासणी मात्र स्वतः करून ठेवा, कारण ती मी केली असती. मीटिंगचे ३१ जीबी म्हणताय. तासाला अंदाजे १ जीबी धरला तर ३१ तास. तुमचं कॅलेंडर काय म्हणतं?

---

सड्यावरची

मोजलं. जुलैत सोमवार ते शुक्रवार २३ दिवस. एक रजा, १७ आणि १८ ला पुण्याला प्रत्यक्ष गेले होते. राहिले २० दिवस. रोजची सकाळची अर्ध्या तासाची बैठक, म्हणजे १० तास. विषयनिहाय वाचन-बैठका १४, दीड-दीड तासाच्या, म्हणजे २१ तास. एकूण ३१.

अंगावर काटा आला. इतकं बरोबर येईल असं वाटलं नव्हतं.

---

आकडेमोड्या

योगायोग आहे, पत्रात "तंतोतंत" लिहू नका. पुढच्या महिन्यात २६ किंवा ३७ आले तरी चालतं. ८० आले तर मात्र लॅपटॉपवर दुसरं काहीतरी चाललंय.

तुमच्या यादीत ते ४ जीबी अपडेटचे आहेत. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला `Metered connection` चालू करा, मोठे अपडेट थांबून राहतील. पुण्याला जाल तेव्हा तिथल्या वायफायवर उतरवून घ्या. फाइली आपोआप चढवणारं अ‍ॅपही बैठक चालू असताना थांबवून ठेवा. डेटा आणि आवाज दोन्ही सुधारतात.

---

बे_एरियातला_काका

कुतूहल म्हणून, पुण्यातले बाकी सहकारी असे पैसे मागत नाहीत?

---

सड्यावरची

त्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे, आणि फोनवर ५जी आहे. रोज २ जीबीच्या माझ्याच प्लॅनवर ५जी असेल तिथे डेटा मोजतच नाहीत. त्यामुळे "डेटा संपला" हे त्यांना नवीनच वाटतं. आमच्याकडे ४जी, तेही सड्याच्या कडेला खुर्ची नेली की. आणि वीज गेली की टॉवरची बॅटरी तासा-दीड तासात मान टाकते. मग चुली पेटवायच्या, दुसरं काय.

---

गाडीवान

म्हणूनच म्हणत होतो, अँटेनावाला राउटर.

---

खर्चिक_काकू

एवढा उपद्व्याप दर महिन्याला करणार? माझं ऐक. दुसरं सिम घे, फक्त ऑफिससाठी. फोन दोन सिमचा असेलच. सकाळी डेटा दुसऱ्या सिमवर टाकायचा, संध्याकाळी परत पहिल्यावर. फोन दोन्ही सिमचा वापर वेगवेगळा दाखवतो. मग टक्के नाहीत, हिस्सा नाही, अख्खं रिचार्ज ऑफिसचं. मी नाशिकहून काम करते, दोन वर्षं असंच चाललंय. पावती जोडते, झालं.

फक्त एक. २८ दिवसांचा प्लॅन घेशील तर वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. माझ्या ऑफिसने बाराच मंजूर केले होते. एक वर्ष पदरचे भरले मी.

---

पगारपत्रक

खर्चिक काकूंनी माझं काम संपवलं. पत्रात ही सूचना शेवटी घाला. नाकारायला आलेल्या माणसाला दुसरा सोपा रस्ता दिसला की तो पहिला अर्ज सहज मंजूर करतो.

---

सड्यावरची

घ्या, नवा मसुदा.

> विषय : घरून कामासाठी झालेल्या मोबाइल डेटा-खर्चाची प्रतिपूर्ती, जुलै २०२५
>
> माननीय मनुष्यबळ अधिकारी यांस,
>
> मार्च २०२४ च्या नेमणूकपत्रानुसार माझे कामाचे ठिकाण माझे निवासस्थान आहे. येथे ब्रॉडबँड उपलब्ध नसल्याने कार्यालयीन लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटवर चालतो. जुलै महिन्यात मी २० दिवस घरून काम केले.
>
> या काळात लॅपटॉपवर ५० जीबी डेटा वापरला गेला. त्यापैकी ३१ जीबी ऑनलाइन बैठकांचा आहे. बैठकांचे एकूण तास ३१ असून कॅलेंडरची प्रत जोडली आहे. घरातील इतर वापर २४ जीबी असून तो मागणीत धरलेला नाही.
>
> कामाच्या वेळेत दैनिक मर्यादा संपल्यामुळे घेतलेले टॉप-अप : १४ × रु. ३३ = रु. ४६२
> मूळ प्लॅनचा जुलैचा खर्च रु. ३१७, त्यातील कामाचा हिस्सा ४८ टक्के = रु. १५२
> एकूण : रु. ६१४
>
> टॉप-अपच्या पावत्या, मर्यादा संपल्याचे संदेश व लॅपटॉपच्या वापराचे छायाचित्र सोबत आहे. ही रक्कम प्रत्यक्ष खर्चाची प्रतिपूर्ती म्हणून मिळावी, ही विनंती.
>
> पुढील महिन्यांपासून केवळ कार्यालयीन कामासाठी स्वतंत्र सिम घेण्यास संमती दिल्यास असा हिशोब दरमहा सादर करण्याची गरज राहणार नाही.
>
> आपली विश्वासू

---

निवांत

"घरातील इतर वापर २४ जीबी." सासूबाईंचा एवढा सभ्य उल्लेख आजवर वाचला नव्हता.

---

फुकटचा_सल्ला

मी तर नोटीसच पाठवली असती. पण पत्र चांगलं झालंय.

---

मधली_वाट

मागच्या दीड वर्षाचं काय? ते पण मागा की. १७-१८ महिने गुणिले ६००, दहा हजारांच्या वर जातात.

---

आकडेमोड्या

लॅपटॉपचा पुरावा ३० दिवसांपलीकडचा गेला. प्रीपेड ग्राहकालाही मागणी केल्यावर मागच्या सहा महिन्यांपर्यंतचं तपशीलवार बिल मिळतं, ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनी त्यासाठी ५० रुपयांपर्यंत घेऊ शकते. पण त्यातही किती डेटा गेला ते कळेल, कशासाठी गेला ते नाही.

---

पगारपत्रक

टॉप-अपच्या जुन्या पावत्या अ‍ॅपमध्ये आणि बँकेच्या उताऱ्यात असतील, तेवढ्या मागता येतील. पण याच पत्रात नको. आधी एक महिना मंजूर होऊ द्या.

---

मधली_वाट

म्हणजे बुडाले.

---

पगारपत्रक

असं मी म्हटलं नाही. पण मंजूर होतील असंही म्हणत नाही.

---

सड्यावरची

(बारा दिवसांनी)

पत्र दिलं, उत्तर आलं. टॉप-अपचे ४६२ मंजूर, गणपतीच्या आधी खात्यात येतील. मूळ प्लॅनचे १५२ नामंजूर, शेरा : "फोन कर्मचाऱ्याकडे असतोच." वेगळ्या सिमला मान्यता, ८४ दिवसांच्या एका रिचार्जपर्यंत, टॉप-अप धरून नाही. म्हणजे मीटिंगा वाढल्या की त्या सिमचाही कोटा संपणार आणि वरचे पुन्हा माझेच. त्यावर परत लिहायचं का नाही, ठरवत्ये.

मागच्या महिन्यांचं तोंडी विचारलं. बाई म्हणाल्या, "बघू."

---

वरवंटा

१५२ च्या जागी २०५ मागितले असते तरी नामंजूरच झाले असते. म्हणजे माझा हिशोब चुकीचा होता असं सिद्ध होत नाही.

---

खर्चिक_काकू

वरचे टॉप-अप लिहून ठेव, तारीख-वेळेसकट. दोन महिने साठले की एकदम दे. आणि नव्या सिमच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड नातवाला सांगू नकोस.

---

सड्यावरची

काकू, उशीर झाला. काल सिम आलं, आज दुपारी विंडोजने ०.८ दाखवले आणि फोनने १.३.